पोचलो, ठीक अकरा वाजता

शंतनू देशकरच्या घरात माणूस कुठेही गेला तरी पोचल्याचं कळवायचं, अशी पद्धत होती. नागपूरहून अमरावतीला गेला तरी कळवायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरला तरी कळवायचं. निरोप मोठा लागत नसे, 'पोचलो' एवढा शब्द पुरे. तो आला की मागे राहिलेली माणसं जेवायला बसत. नाही आला तर वाढलेली ताटं पुढ्यात घेऊन फोनकडे बघत बसत. आई होती तोवर हा शब्द तिच्याकडे जाई. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या साड्या कोणी नेल्या, भांडी कोणी नेली. शिकागोजवळ शॉमबर्गला राहणाऱ्या वसुधामावशीने काहीच मागितलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फक्त एवढं सांगितलं, "आता मला कळवत जा."

मावशी पंच्याहत्तरीची. सत्त्याहत्तर साली अमेरिकेत आली आणि चौतीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटांना भूल देऊन निवृत्त झाली. तिचे यजमान नरेंद्रकाका जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. बोलणं बेताचं. माणसं झोपवून पोट भरलं, गप्पा मारायची सवय कुठून लागणार, असं तीच म्हणे. आख्ख्या अमेरिकेत तिला रक्ताचा म्हणावा असा शंतनू एकच होता, आणि तोही दोन हजार मैलांवर, पश्चिम किनाऱ्यावरच्या सनीव्हेलमध्ये, जिथलं घड्याळ तिच्या दोन तास मागे. तिथे तो वर्क व्हिसावर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचा. स्वतःच्या चुका शोधायचे त्याला कोणी पैसे देत नव्हतं.

रोज ऑफिसात पोचल्यावर एक शब्द पाठवायचा, यात अवघड काय, असं कोणालाही वाटेल. पहिल्या महिन्यात शंतनू नऊ वेळा विसरला आणि नऊही वेळा मावशीचा फोन भर मीटिंगमध्ये वाजला. मावशी रागावत नसे. "पोचलास का?" एवढंच विचारी आणि "हो" ऐकलं की "बरं" म्हणून ठेवून देई. पण तेवढ्यात मीटिंगमधल्या बारा जणांना शंतनूची रिंगटोन पाठ झालेली असे.

त्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये रूटीन्स नावाची सोय होती. अमुक झालं तर तमुक कर, असं फोनला एकदा सांगून ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं. अमुकमध्ये वेळ घालता येते, जागा घालता येते, फोन चार्जिंगला लागला किंवा निघाला हेही घालता येतं. तमुकमध्ये आवाज बंद करणं, व्हायब्रेटवर टाकणं, ठरलेल्या माणसाला ठरलेला मेसेज धाडणं. शंतनूने नकाशावर ऑफिसच्या बिल्डिंगभोवती एक गोल घातला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, ही वेळ घातली. या वेळेत या गोलात शिरलो की व्हायब्रेटवर जा आणि मावशीला 'पोचलो' पाठव. शनिवारी एखादी विसरलेली वस्तू आणायला गेलं तर म्हातारीला उगाच कळायला नको, म्हणून वार घातले. आपण फार बारकाईने विचार केला, असं त्याला वाटलं.

पहिल्याच दिवशी अकरा वाजले. दोन अटी घातल्या की दोन्ही खऱ्या असतील तोवरच रूटीन चालतं. एक सुटली की ते संपतं, आणि संपताना फोन आवाज आधी होता तसा करून ठेवतो. अकराला वेळेची अट संपली, फोनने इमानाने घंटी पुन्हा चालू केली, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी डेंटिस्टकडून फोन आला. बारा जणांनी वर पाहिलं. त्या दुपारी शंतनूने एकाची दोन रूटीन्स केली. व्हायब्रेटचं फक्त जागेवर ठेवलं, म्हणजे गोलातून बाहेर पडेपर्यंत फोन गप्प. मेसेजचं जागा आणि वेळ दोन्हींवर ठेवलं. मेसेजला तसंही संपण्याची फिकीर नसते, गेला तो गेला, परत काही येत नाही.

त्यानंतर अडीच वर्षं शंतनूने 'पोचलो' हा शब्द स्वतः लिहिला नाही. फोन लिहीत होता, मावशी वाचत होती आणि "बरं" म्हणून उलट पाठवत होती. कुटुंबाची पद्धत सुरळीत चालू होती, फक्त त्यात शंतनू नव्हता.

गेल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारच्या सुट्टीला, शॉमबर्गला गेला तेव्हा त्याने मावशीच्या फोनवरही एक रूटीन बसवून दिलं. मावशी घरात असताना, रात्री आठ ते सकाळी सहाच्या मध्ये, फोन चार्जिंगला लागला की आवाज बंद होईल आणि शंतनूला 'झोपते' असा मेसेज जाईल. एकटं माणूस, वेळेवर झोपलं की आपल्यालाही घोर नाही.

मावशीने चष्म्यातून स्क्रीनकडे पाहिलं. "चार्जर लावला म्हणजे मी झोपले, हे याला कसं कळतं?"

"कळत नाही गं. तो अझ्यूम करतो."

"बरं," मावशी म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी शंतनूची नोकरी गेली. व्हिडिओ कॉल पंधरा मिनिटांचा होता, त्यातली चार मिनिटं एकीचा माइक म्यूट होता. तुला काढलं, असं कोणीच म्हणालं नाही. तुझ्या पोझिशनवर परिणाम झाला आहे, असं म्हणाले. दुपारपर्यंत लॅपटॉप बंद झाला, ओळखपत्राने दार उघडेना. व्हिसाचं गणित सोपं होतं. साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने व्हिसासकट घेतलं तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. साठावा दिवस तेरा डिसेंबरला येत होता.

मित्रांना त्याने तासाभरात सांगितलं. मावशीला सांगायला काही जीभ रेटेना. तिला धक्का बसेल, असं तो स्वतःला सांगत होता, पण ते खरं नव्हतं. तिने जन्मभर माणसांची छाती उघडलेली पाहिली होती, नोकरी जाण्याने तिला काय धक्का बसणार. खरं हे होतं की आपण गेलो तर या देशात तिचं कोणी उरणार नाही, आणि हे वाक्य तिच्यासमोर म्हणायची त्याच्यात हिंमत नव्हती. आधी नोकरी मिळवू, मग गंमत म्हणून सांगू, असं त्याने ठरवलं. वेळ मारून नेण्याला माणूस नियोजन म्हणतो, त्यातलाच प्रकार.

बुधवारी सकाळी तो घरीच होता. गोलात कोणी शिरलं नाही, त्यामुळे मेसेज गेला नाही. शॉमबर्गच्या घड्याळात बारा वाजायला आले तेव्हा फोन वाजला.

"आज पोचला नाहीस?"

"वर्क फ्रॉम होम आहे मावशी."

"बरं."

गुरुवारीही तेच, शुक्रवारीही तेच. तिसऱ्या वेळी 'बरं' यायला जरा उशीर झाला. त्या वीकएंडला शंतनूने मेसेजच्या रूटीनमधून जागा काढून टाकली आणि नुसती वेळ घातली. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ. आता ऑफिस असो नसो, सनीव्हेलमध्ये नऊ वाजले की मावशीकडे अकराला 'पोचलो' जाणार. जोडीला, दिवसाला काही शिस्त असावी म्हणून, नऊ ते पाच फोन व्हायब्रेटवर जाईल असंही करून ठेवलं. नोकरी नसलेल्या माणसाचा फोन ऑफिसच्या वेळेत गप्प राहू लागला.

त्या शिस्तीचं फळ दुसऱ्याच आठवड्यात मिळालं. एका रिक्रूटरचा फोन अकराला, साडेअकराला आणि दोनला येऊन गेला. फोन बेडरूममध्ये उशीवर थरथरत होता आणि शंतनू स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून फोन कधी येतो याची वाट बघत होता. संध्याकाळी पाचला आवाज परत आला तेव्हा व्हॉइसमेलमध्ये निरोप होता की त्या जागेसाठी आज बोलणाऱ्यांपैकी तिघांना पुढे पाठवलं आहे. शंतनूने ते रूटीन त्याच वेळी काढून टाकलं. 'पोचलो'चं तेवढं ठेवलं, कारण ते उत्तम चाललं होतं.

आणि रात्री मावशीचं 'झोपते' येत होतं. कधी तिच्या नऊला, कधी साडेनऊला. अर्ज करून करून डोळे चुरचुरत असताना तो शब्द दिसला की शंतनूला खरंच बरं वाटे. निदान एक माणूस जागच्या जागी आहे, असं वाटे.

थँक्सगिव्हिंगला दरवर्षी शॉमबर्गला जायचं हे ठरलेलं होतं. तिकीट उन्हाळ्यातच काढलेलं असल्याने न जाण्याला कारणही नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तो पोचला. मावशी थोडी वाळल्यासारखी वाटली. जेवताना तिने ऑफिसबद्दल काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. एरवीही त्यांची जेवणं अशीच होत, त्यामुळे यात वावगं काही वाटलं नाही. झोपताना त्याने आठवण करून ठेवली की उद्या गुरुवार आहे. फोनला सुट्टी कळत नाही, त्यामुळे मावशीच्या अकराच्या आत रूटीन बंद करायचं. दहाला करू, असं ठरवून तो झोपला.

सकाळी मावशीने त्याला कणीक मळायला बसवलं. दरवर्षी ती स्वतः मळायची. "यंदा तू मळ," एवढंच म्हणाली. वरच्या फळीवरची मोठी परातही त्यालाच काढायला लावली. शंतनूला वाटलं, वय झालं. दोघांचे फोन खिडकीखाली शेजारी शेजारी पडले होते. बाहेर शेजाऱ्यांच्या अंगणात कोणीतरी पानं ओढत होतं. शंतनूचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते.

नऊ वाजले आणि मावशीचा फोन टिंग वाजला.

मावशीने हात पुसले, चष्मा लावला, फोन उचलून वाचलं. मग शंतनूकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"तुझा मेसेज आहे," ती म्हणाली.

"माझा?"

"पोचलास म्हणे."

शंतनू कणीक मळत राहिला. विमानातून उतरल्यावर फोनने शिकागोची वेळ घेतली होती. फोनचे नऊ म्हणजे तो जिथे असेल तिथले नऊ; सनीव्हेलचे नऊ अन् मावशीचे अकरा हा हिशोब शंतनूच्या डोक्यात होता, फोनच्या नव्हता. नेमकी अशीच चूक त्याने नोकरीत असताना दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोनदा पकडली होती आणि वर एक तिखट ईमेलही लिहिली होती.

"कुठे पोचलास?" मावशीने विचारलं.

"ते रूटीन आहे मावशी. ऑटोमॅटिक जातं."

"ते माहीत आहे मला. कधी काढलं तुला?"

त्याचे हात थांबले. ती फोन जागेवर ठेवून त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं. आधी तुझे मेसेज दहा पन्नासला यायचे, अकरा वाजून बारा मिनिटांनी यायचे. एकदा पावणेबाराला आला, तुझा टायर पंक्चर होता. मग तीन दिवस आलेच नाहीत. आणि त्यानंतर सगळे अकराला. अकरा म्हणजे अकरा." तिने टेबलावरचं पीठ बोटाने एका बाजूला केलं. "पेशंट स्वतः श्वास घेतो ना, तेव्हा तो कधी सारखा नसतो. मध्येच लांब येतो, मध्येच उसासा टाकतो. एकदम शिस्तीत यायला लागला की समजायचं, मशीन घेतंय, हा घेत नाहीये. चौतीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?"

शंतनूने सगळं सांगितलं. मंगळवारचा कॉल सांगितला, साठ दिवस सांगितले, उशीवर थरथरलेला फोनही सांगितला. अर्ज एकशे चाळीस, मुलाखती पाच, त्यातली एक अजून जिवंत होती. तिची शेवटची फेरी येत्या मंगळवारी व्हिडिओवर होती. मावशी मध्ये बोलली नाही. तिला काही पेशंटचं ऐकावं तसं ऐकायची सवय होती, काही भाच्याचं ऐकावं तसं.

"आता किती दिवस राहिले?"

"सोळा."

"बरं. कणीक झाकून ठेव, वाळेल."

तो हात धुवायला उठला तेवढ्यात मागच्या दाराने रत्नाकाकू आल्या. या पलीकडच्या घरात राहणाऱ्या, मावशीच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीण. आदल्या दिवशी शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन आणलेला चक्का त्यांनी टेबलावर ठेवला आणि कोट न काढताच मावशीवर नजर फिरवली.

"हात वर नाही ना केलास? परात कोणी काढली?"

"याने काढली," मावशी म्हणाली.

"चांगलं झालं आलास," रत्नाकाकू शंतनूला म्हणाल्या. "सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही तिला, आणि ही ऐकत नाही. आणि आता चार दिवस चार्जर पण तूच लाव बाबा. मध्ये दोन रात्री तिचं ते 'झोपते' मलाच पाठवावं लागलं."

रत्नाकाकूंनी एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

"तू अजून सांगितलं नाहीस त्याला?"

"पोळ्या झाल्यावर सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?" शंतनूने विचारलं.

मावशीने ब्लाउजची कड दोन बोटांनी थोडी बाजूला केली. डाव्या खांद्याखाली, तीन इंचांची, अजून गुलाबी असलेली खूण होती आणि खाली कातडीला एक चपटा उंचवटा आला होता. "पेसमेकर आहे. तीन नोव्हेंबरला गॅरेजमध्ये चक्कर आली. नाडी बत्तीस होती, मी मोजली. मंगळवारी बसवला, बुधवारी घरी आले. आता छान चालतोय."

बाकीचं रत्नाकाकूंनी सांगितलं, कारण मावशीच्या मते सांगून झालं होतं. त्या दिवशी त्या सहज म्हणून आल्या तर गॅरेजच्या जमिनीवर ही. ॲम्ब्युलन्समध्ये चढवेपर्यंत हिचा एकच धोशा, फोन घरीच राहू दे. "मी म्हटलं, अगं फोन सोबत ने. तर म्हणते, नाही, तो घरात चार्जिंगला लागला तरच मेसेज जातो, हॉस्पिटलात लावला तर जाणार नाही आणि पोरगं घाबरेल. सोमवारी रात्री नऊला येऊन मी लावला. मंगळवारी लावला. सकाळी तुझं 'पोचलो' आलं की 'बरं' पण मीच पाठवायचे. आणि ही तिथे छातीला वायरी लावून पडलेली, मला विचारते, आज किती वाजता आला? मी म्हटलं अकराला. आणि काल? तोही अकराला. मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, शंतनूचं काहीतरी बिघडलंय. स्वतःचं हृदय बंद पडायला आलं होतं, निदान याचं करत होती."

शंतनूला ते दोन्ही दिवस आठवले. सोमवारी मावशीच्या घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटांनी 'झोपते' आलं होतं, मंगळवारी पावणेदहाला. मंगळवारी दुपारी एका कंपनीने नकार कळवला होता आणि तो शब्द वाचून त्याने मनाशी म्हटलं होतं की चला, मावशीचं तरी बरं चाललंय. ते म्हणताना त्याला किती हलकं वाटलं होतं तेही त्याला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. मेसेज खरा होता. घर तेच होतं, वेळ तीच होती, चार्जर लागला होता. तिन्ही अटी बरोबर होत्या आणि बाई हॉस्पिटलात होती.

रत्नाकाकूंना कळलं की आपण आता इथे नको. तासाभराने येते, ओव्हनमध्ये भाज्या आहेत, असं सांगून त्या गेल्या. ओव्हनमध्ये काही नसावं.

"मला कळवायचं होतंस," शंतनू म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो साधाच निघाला. "मी पहिल्या फ्लाइटने आलो असतो. मला काय काम होतं? मी घरीच तर बसलो होतो."

"ते मला कुठे माहीत होतं? तुझं काही चुकतंय एवढंच कळत होतं. त्यात आणखी हे कशाला घालायचं?"

"आणि मी सांगितलं नाही, कारण..." तो अडखळला. सहा आठवडे हे वाक्य त्याने तोंडापर्यंत येऊ दिलं नव्हतं. "मला परत जावं लागलं तर तू एकटी पडशील मावशी. इथे तुझं कोण आहे?"

मावशीने परातीवरचं ओलं फडकं सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

"एकटी मी त्या सोमवारी होते," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये, पाऊण तास. फोन माझ्या हातात होता. तुझं 'पोचलो' तेवढ्यात आलं, अकराला. मी तुला फोन लावणार होते. मग म्हटलं, याचं मशीन बोलतंय, हा कुठे आहे कोणास ठाऊक. म्हणून नाही लावला."

शंतनू रडला, पण फार वेळ नाही, आणि मावशीने त्याला रडू दिलं; उठून पाठीवर हात फिरवावा असा तिचा स्वभाव नव्हता. ती खुर्चीवर बसून होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. तेवढं त्याला पुरे होतं. मग त्याने तोंड धुतलं, तवा ठेवला आणि पोळपाट ओढला. पहिली पोळी नकाशासारखी झाली.

"दुखतं का?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. तव्यावरची पोळी फुगली. "दुखतं. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. आणि झोप लागायला लागली की वाटतं, हे थांबलं तर? मग मी नाडी मोजत बसते. रोज. दोन-दोन वाजेपर्यंत."

त्याने पोळी उलटली. चाळीस वर्षांच्या ओळखीत रत्नाकाकूंनाही तिने हे सांगितलं नसेल, असं त्याला वाटलं.

"तुला?" मावशीने विचारलं.

"मला काय?"

"तुला काय होतंय ते विचारते आहे."

शंतनूने गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. "भीती वाटते," तो म्हणाला. "मंगळवारचं नाही जमलं तर काय करायचं, मला काही माहीत नाही."

"मलाही नाही," मावशी म्हणाली, आणि तिने उजव्या हाताने दुसरी खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढली. "बस इथे. पोळ्या होतील नंतर."